चारशेला लावलेले हजार शेअर

लिमिट ऑर्डर भावाची हमी देते, सौद्याची नाही. मार्केट ऑर्डर सौदा करून देते, भाव मात्र समोरच्या विक्रेत्यांवर सोडते. बॅकटेस्ट या दोन्ही हम्या एकदम घेतो, आणि पुष्कळ स्ट्रॅटेजींचा नफा तेवढ्यातूनच आलेला असतो.

एनएसईवर आधी भाव पाहिला जातो, मग वेळ. आपण 400 रुपयांना 1,000 शेअरची खरेदी लावली, तेव्हा त्याच भावाला 4,000 शेअर आधीच रांगेत आहेत. त्यानंतर 400 ला 4,600 शेअरचे सौदे होतात आणि भाव 403 वर जातो. पुढच्या कुणी ऑर्डर काढून घेतली नसेल, तर आपल्या वाट्याला 600 येतात. कँडलचा लो 400 दिसतो म्हणून बॅकटेस्ट हजार धरतो. त्याचा नफा 3,000, आपला 1,800.

दुसऱ्या दिवशी तीच ऑर्डर, तीच रांग. भाव 400 तोडून 397 वर येतो. आज हजारच्या हजार मिळतात, आणि तोटाही पूर्ण 3,000 होतो. बॅकटेस्टमध्ये दोन दिवसांची बेरीज शून्य. खात्यात उणे 1,200.

पडत्या भावात माल पुरा मिळतो, चढत्या भावात अर्धामुर्धा. म्हणून सगळ्याच दिवसांना सरसकट साठ टक्के फिल लावणे ही दुरुस्ती नव्हे. त्याने तोटाही साठ टक्क्यांवर येतो.

मार्केट ऑर्डरचे काय झाले असते? समोर 400.05 ला 300, 400.10 ला 400, 400.20 ला 300 शेअर विक्रीला आहेत. हजार घेताना 400 च्या हिशेबापेक्षा 115 रुपये जास्त जातात. दोन्ही दिवस बुक असेच असेल तर 230. हा खर्च डोळ्यांना दिसतो म्हणून टोचतो. ते 1,200 दिसतच नाहीत.

सिम्युलेशनमध्ये भाव लिमिटच्या खाली गेला, तरच पूर्ण फिल धरावे. नुसता टेकला, तर त्या भावाच्या सौद्यांतून पुढची रांग वजा करून उरेल तेवढेच. रांगेतल्या रद्द ऑर्डरी आपल्या पुढच्या की मागच्या, हे एकत्रित आकड्यांवरून कळत नाही. तिथे मी दोन टोके चालवून पाहतो: टेकताच सगळे मिळाले, आणि टेकल्यावर काहीच मिळाले नाही. दुसऱ्या टोकाला नफा नाहीसा होत असेल, तर ती स्ट्रॅटेजी भावाचा नव्हे, रांगेतल्या जागेचा अंदाज बांधते आहे.

उरलेले 400 रद्द करायचे की चढत्या भावाने घ्यायचे, हा नियम स्ट्रॅटेजीतच लिहावा लागतो. आणि स्टॉपलॉस मिळालेल्या 600 वर लावायचा. कोडमध्ये तो मागितलेल्या हजारावर राहिला, तर भाव पडताच आपण न घेतलेले 400 शेअर विकून बसतो.