तिसरं गाव

बारावीच्या गणिताच्या पेपरात एक तार हमखास असायची. ती वाकवून आयत करायचा आणि क्षेत्रफळ जास्तीत जास्त कधी होईल ते सांगायचं. तार नसली तर कोपरे कापून डबा करायचा पत्रा असायचा. पायऱ्या पाठ होत्या: फंक्शन लिहा, डेरिव्हेटिव्ह काढा, तो शून्य कुठे होतो ते बघा, मग दुसरा डेरिव्हेटिव्ह धन की ऋण ते तपासा. मी ते मार्क कधी सोडले नाहीत. पण त्या गणितांत काय कमी करायचं आणि काय वाढवायचं हे प्रश्नातच लिहून दिलेलं असतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तेही पुण्यात नाही, मुलचेऱ्याला सुट्टीवर गेले होते तेव्हा.

मामाच्या ओसरीवर गप्पा चालल्या होत्या. जंगलातून जाणाऱ्या एका रस्त्यावर गावं असतील आणि दवाखाना एकच मिळणार असेल, तर तो कुठे बांधावा? मी म्हटलं, मामा, हे तर मॅक्झिमा-मिनिमाचं गणित आहे, आत्ता सोडवून देते. आणि वही घेतली.

आकडे मी मनानेच धरले. रस्ता सरळ. पहिलं गाव ० किलोमीटरवर, ३०० घरांचं. दुसरं ४ किलोमीटरवर, १५० घरं. तिसरं १६ किलोमीटरवर, ५० घरं. मधे सगळं जंगल. दवाखाना x किलोमीटरवर बांधला, तर सगळ्या घरांना मिळून पडणारं अंतर असं:

S(x) = 300|x| + 150|x − 4| + 50|x − 16|

हे कमीत कमी करायचं. सवयीने डेरिव्हेटिव्ह काढायला गेले आणि अडकले. पहिल्या गावाच्या अलीकडे उतार −५००. पहिल्या आणि दुसऱ्या गावाच्या मधे ३०० − १५० − ५०, म्हणजे +१००. पुढे तो वाढतच जातो. शून्य कुठेच नाही! पाठ केलेली पायरी इथे उत्तरच देत नाही. आलेख कुठे तुटलेला नाही, पण बरोबर ० वर त्याला टोक आहे, आणि टोकावर डेरिव्हेटिव्ह नसतो. |x| हे फंक्शन ० पाशी सलग असूनही तिथे त्याचा डेरिव्हेटिव्ह का नाही, हे दोन मार्कांसाठी आपण सगळ्यांनी लिहिलंय. इथे ते टोक म्हणजे गाव होतं. उतार तिथे ऋणाचा एकदम धन होतो, म्हणजे किमान मूल्य तिथेच. दवाखाना पहिल्या गावात.

आता तो +१०० कुठून आला ते बघा. दवाखाना पहिल्या गावातून थोडा पुढे सरकवला की ३०० घरांचं अंतर वाढतं आणि २०० घरांचं तेवढंच कमी होतं. म्हणजे हा डेरिव्हेटिव्ह मतमोजणी करतोय. प्रत्येक घराला एक मत, आणि त्या मताला दिशा आहे, पण अंतर नाही. तिसरं गाव १६ ऐवजी ४० किलोमीटरवर नेऊन ठेवलं तरी उत्तर तसूभर हलत नाही. गणितात चूक नाही. ‘एकूण अंतर कमीत कमी’ असं म्हटलं, की शेवटचं गाव किती लांब आहे हे विचारायचं आपण आपोआप सोडून देतो.

मामाने आकडे बघितले आणि एवढंच विचारलं, “मग शेवटच्या गावानं का करावं?”

मी फंक्शन बदललं. अंतरांचा वर्ग करून बेरीज घेतली. आता लांबच्या घराचं मत जड होतं, कारण वर्गाचा डेरिव्हेटिव्ह अंतराच्या प्रमाणात वाढतो. शिवाय टोक जातं आणि जुनी पायरी पुन्हा चालते: 500x − 1400 = 0, म्हणजे x = 2.8. तिथे सागाची झाडं आहेत आणि कोणी राहत नाही. मग तिसरा प्रयत्न: सगळ्यात लांबच्या घराचं अंतर कमीत कमी करायचं. उत्तर मधोमध, ८ किलोमीटरवर. यात फक्त दोन टोकांच्या गावांना आवाज आहे. दुसऱ्या गावातली १५० घरं असली काय, नसली काय. आणि एकूण अंतर १४०० वरून ३४०० वर जातं.

तीन फंक्शनं, तीन उत्तरं, आणि तिन्ही बरोबर. कोणतं फंक्शन न्याय्य हे कुठलाही डेरिव्हेटिव्ह सांगत नाही, कारण तो निर्णय डेरिव्हेटिव्हच्या आधीच झालेला असतो. ऑफिसात हे मी रोज करते. सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाइम छान दिसतो, आणि शंभरातल्या एकाच्या स्क्रीनवर चक्र फिरत राहतं. ते दिसावं म्हणून आम्ही p99 वेगळा बघतो. पण तिथला तो एक जण ॲप बंद करून झोपू शकतो.

सरकारी निकषातही असंच एक फंक्शन लपलेलं आहे. आरोग्य उपकेंद्र सपाट भागात ५००० लोकांमागे एक आणि आदिवासी व डोंगराळ भागात ३००० लोकांमागे एक. आदिवासी भागाला सूट दिली आहे, ती योग्यच. पण तरी मोजली जातात माणसं. गावं विरळ असतील तर ३००० माणसं किती किलोमीटरभर पसरलेली आहेत, हे त्या आकड्याला दिसत नाही.

मला विचाराल तर मी दुसऱ्या गावात बांधेन, ४ किलोमीटरवर. तिथे एकूण अंतर १८०० होतं आणि सगळ्यात लांबचं घर १२ किलोमीटरवर येतं. हे तिन्ही फंक्शनांपैकी एकाचंही उत्तर नाही. पहिल्या गावाच्या ३०० घरांना मी चार किलोमीटर चालायला लावतेय, आणि त्यांनी का म्हणून विचारलं तर माझ्याकडे सूत्र नाही. एवढंच म्हणेन, की चार किलोमीटर माणूस कुरकुरत चालतो, सोळा किलोमीटरला तो जातच नाही.

मामाने पेन घेतलं आणि दहाव्या किलोमीटरवर एक आडवी रेघ मारली. “हा नाला. पावसाळ्यात चढते.”

पूर आला की अलीकडून पलीकडे जायचं तर पाणी उतरेपर्यंत थांबावं लागतं. समजा, ते थांबणं ३० किलोमीटर चालण्याएवढं महाग आहे. मग शेवटच्या माणसाचं अंतर दवाखाना अलीकडच्या काठाकडे सरकवत नेला की कमी होत होत ३६ कडे जातं, आणि रेघ ओलांडताक्षणी ४० होतं. डावीकडची सीमा एक, उजवीकडची दुसरी. ३६ हे मूल्य मात्र कुठेच मिळत नाही, कारण ते नाल्याच्या पाण्यात आहे. काठाच्या जितकं जवळ जाल तितकं बरं, पण सगळ्यात बरं असं ठिकाणच नाही. सलग फंक्शनाला बंद अंतरालात किमान मूल्य असतंच, हे प्रमेय आपण इतकं गृहीत धरतो, की ‘सलग’ हा शब्द वाचतही नाही.

आमच्या जिल्ह्यात यावर जे केलं जातं, त्यात x हलवत नाहीत. माहेरघर योजनेत बाळंतपणाची तारीख जवळ आली की बाईलाच आधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातल्या खोलीत राहायला आणतात. पूर यायच्या आत ती रेघेच्या अलीकडे असते.

हे मी मामीला मोठ्या कौतुकाने सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. “जाईन म्हणून निंगता येते का?” ती म्हणाली. “आठ-दहा दिवस घरी लेकरं कोन पाहीन? अन् रोवना चालू असते तेव्हाच.”

वहीत रोवण्याला जागा नव्हती. मी S(x) च्या खाली एक ओळ मोकळी सोडली.