काळ बदलताना उरणारा ‘ने’

काही महिन्यांपूर्वी एका कथेचं हस्तलिखित माझ्याकडे संपादनासाठी आलं. लेखिकेने ती आधी भूतकाळात लिहिली होती आणि नंतर सगळी वर्तमानकाळात आणली होती. काम मन लावून केलेलं होतं, तरी पानापानांवर भूतकाळाचे तुकडे शिल्लक होते. वाचताना माझ्या लक्षात आलं की यात निष्काळजीपणा नव्हता. लेखिकेने क्रियापदं शोधून बदलली होती. मराठीत भूतकाळ एकट्या क्रियापदात राहत नाही, म्हणून क्रियापद बदललं तरी तो मागे उरला होता.

हे स्पष्ट व्हावं म्हणून मीच एक परिच्छेद रचतो:

दुपारची वेळ होती. घरात कोणी नव्हतं. सुमनने भावाने दिलेल्या चावीने कुलूप उघडलं आणि ती आत आली. आदल्या रात्री तिने ओट्यावर दूध ठेवलं होतं, ते नासलं होतं. तिने पातेलं उचललं आणि मोरीत रिकामं केलं. बाहेर कोणीतरी जिना चढत होतं. तिला भाऊ आठवला. तिने दार लावलं नाही.

तिसरं वाक्य पाहा. ‘उघडलं’ हे रूप सुमनच्या मागे चालत नाही, ते कुलपाच्या मागे चालतं. कुलूप नपुंसकलिंगी, म्हणून ‘उघडलं’. खिडकी असती तर ‘उघडली’, दरवाजा असता तर ‘उघडला’. हा कर्मणी प्रयोग आहे आणि त्यात कर्त्याला ‘ने’ लागतो. वर्तमानकाळात आलं की प्रयोगच बदलतो. क्रियापद आता सुमनच्या मागे जातं: ‘सुमन कुलूप उघडते’. म्हणजे एका वाक्यात दोन ठिकाणी बदल करायचा असतो, आणि ती दोन ठिकाणं वाक्याच्या दोन टोकांना असतात. मराठीत क्रियापद शेवटी येतं, डोळा तिथेच थांबतो, आणि सुरुवातीचा ‘ने’ तसाच राहतो. ‘सुमनने कुलूप उघडते’ असं वाक्य कोणी जाणूनबुजून लिहीत नाही, पण मधे भावाची चावी आणि एखादं विशेषण आलं की ते सहज निसटतं.

उपाय म्हणून सगळे ‘ने’ काढत सुटावं, तर तेही चालत नाही. याच वाक्यात तीन ‘ने’ आहेत. सुमनचा ‘ने’ जातो. ‘चावीने’ मधला ‘ने’ साधनाचा आहे, तो कुठल्याही काळात राहतो. ‘भावाने दिलेल्या’ यातला ‘ने’ही राहतो, कारण ‘दिलेल्या’ हे धातुसाधित चावीचं विशेषण झालं आहे आणि मुख्य क्रियापदाच्या काळाशी त्याला देणंघेणं नाही. शिवाय म्हणणे, विसरणे, शिकणे अशा काही सकर्मक क्रियापदांना भूतकाळातही ‘ने’ लागत नाही: ‘ती छत्री विसरली’. ‘ती विसरते’ करताना तिथे कर्त्याला हात लावावाच लागत नाही. एका परिच्छेदात ही दोन्ही तऱ्हेची वाक्यं शेजारी आली, की हाताला सवय लागत नाही आणि चूक होते.

त्याच वाक्याचा उत्तरार्ध: ‘आणि ती आत आली’. इथे ‘ती’ गरजेची होती, कारण आधी कर्ता ‘सुमनने’ होता आणि ‘आली’ला ‘ने’ नसलेला कर्ता हवा होता. वर्तमानकाळात दोन्ही क्रियापदांचा कर्ता एकाच रूपात येतो, म्हणून ‘सुमन कुलूप उघडते आणि आत येते’ एवढं पुरतं. ‘आणि ती आत येते’ ही व्याकरणाची चूक नाही, पण वाचताना क्षणभर वाटतं की आत येणारी दुसरीच कोणी आहे. जुन्या काळाची अशी खूण शुद्धलेखन तपासून सापडत नाही.

आता पहिलं वाक्य, कारण माझ्या मते खरा निर्णय तिथे असतो. ‘दुपारची वेळ होती’ याचं वर्तमान काय? ‘आहे’ की ‘असते’? दोन्ही बरोबर, पण सांगणारा वेगळा. ‘दुपारची वेळ आहे, घरात कोणी नाही’ असं म्हणणारा त्या खोलीत उभा आहे. ‘दुपारची वेळ असते, घरात कोणी नसतं’ असं म्हणणारा, पाहिलेल्या सिनेमाची गोष्ट मित्राला सांगावी तसा, थोडा बाजूला बसलेला आहे. अडचण अशी की ‘उघडते’, ‘येते’, ‘उचलते’ ही रूपं दोन्ही पद्धतींत सारखीच असतात. फरक दिसतो तो होता-नव्हताच्या जागी. म्हणून माणूस पहिल्या ओळीत ‘आहे’ लिहितो, सहाव्या ओळीत नकळत ‘जिना चढत असतं’ लिहितो, आणि भूतकाळाचा एकही शब्द नसताना परिच्छेद डळमळतो. इथे घसरण दोन वर्तमानांमधली आहे. मी ‘आहे’ घेतो, मग तिथे ‘जिना चढतंय’ किंवा ‘चढत आहे’ लागेल.

आदल्या रात्रीच्या दुधाचं काय करायचं? ते सुमनच्या दुपारीही भूतकाळातच आहे, म्हणून त्याला भूतकाळात राहू द्यावं. बदलतो तो कालवाचक शब्द. ‘आदल्या रात्री’ हे दुरून सांगणाऱ्याचं बोलणं झालं, खोलीत उभा असलेला ‘काल रात्री’ म्हणेल. ‘काल रात्री तिने दूध ठेवलं होतं, ते नासलं आहे.’ ठेवणं मागे राहिलं, नासणं आत्ता दिसतं आहे. काळ बदलणाऱ्याच्या उत्साहात इथलं ‘तिने’ आणि ‘ठेवलं’ही बदललं जातं आणि दूध त्याच दुपारी ओट्यावर येतं. संवादांचंही असंच. पात्र ‘थांब, आलेच’ म्हणालं, तर ते भूतकाळी रूप बोलीतलं आहे, त्याला हात लावू नये.

‘तिला भाऊ आठवला’ हे वाक्य मला सर्वांत अवघड वाटतं. ‘तिला भाऊ आठवतो’ म्हटलं की रूप बरोबर येतं आणि घटना नाहीशी होते. आठवला म्हणजे त्या क्षणी आठवला. आठवतो म्हणजे ती त्याला विसरलेली नाही, किंवा अधूनमधून आठवतो. मराठीचा साधा वर्तमानकाळ सवयही सांगतो, आणि वाटणे, कळणे, आठवणे अशा क्रियापदांत तो अर्थ वर येतो. तिथे क्षण धरून ठेवणारा शब्द घालावा लागतो: ‘तिला एकदम भाऊ आठवतो.’

शेवटच्या वाक्यात ‘नाही’ फसवतं. ‘लावलं नाही’ याच्या शेवटी ‘नाही’ आहे, आणि ‘नाही’ दिसायला वर्तमानच. होतं-नव्हतं शोधणारी नजर त्यावरून सरळ पुढे जाते. बदलून ‘ती दार लावत नाही’ केलं, तर पुन्हा सवयीचा वास येतो, जणू ती कधीच दार लावत नाही. मी ‘दार ती उघडंच ठेवते’ असं लिहीन.

मी जो परिच्छेद छापायला देईन तो असा:

दुपारची वेळ आहे. घरात कोणी नाही. सुमन भावाने दिलेल्या चावीने कुलूप उघडते आणि आत येते. काल रात्री तिने ओट्यावर दूध ठेवलं होतं, ते नासलं आहे. ती पातेलं उचलते आणि मोरीत रिकामं करते. बाहेर कोणीतरी जिना चढतंय. तिला एकदम भाऊ आठवतो. दार ती उघडंच ठेवते.

तपासताना मी तीन वेगळ्या फेऱ्या घेतो. पहिल्या फेरीत फक्त वाक्यांची शेवटची क्रियापदं. दुसरीत फक्त कर्ते: प्रत्येक ‘ने’ पाहून तो कोणत्या जातीचा हे ठरवायचं. तिसरीत ‘नाही’ आणि वाक्याच्या पोटातली क्रियापदं, म्हणजे ‘जेव्हा’, ‘जे’, ‘असं’ यांच्या आसपासची. संगणकावर ‘होत’ आणि ‘नव्हत’ शोधता येतं, पण ‘ने’ शोधला तर ‘नेहमी’ आणि ‘नेलं’ही हाती येतात, आणि ‘लावलं नाही’सारखी वाक्यं मुळीच येत नाहीत. ती कानानेच पकडावी लागतात.

निवेदक ‘मी’ असेल तर आणखी एक गोष्ट घडते. ‘मी कुलूप उघडलं’ यात ‘मी’ पुरुष की स्त्री ते कळत नाही, कारण क्रियापद कुलपाचं आहे. वर्तमानात ‘मी उघडतो’ किंवा ‘मी उघडते’ यांतलं एक निवडावंच लागतं. माझ्याकडे आलेल्या त्या कथेत निवेदकाचं स्त्री असणं दुसऱ्या पानावर, ‘मी आले’ या शब्दांत पहिल्यांदा कळत होतं, आणि लेखिकेने ते मुद्दाम तिथवर राखून ठेवलं होतं. काळ बदलल्यावर ते पहिल्याच ओळीत उघड झालं. मी तिला फोन करून एवढंच सांगितलं. तिने दोन दिवस घेतले आणि पहिलं पान पुन्हा भूतकाळात नेलं.