कोळंबी, बलक आणि भेजा एका पंगतीत नकोत

एलडीएल वाढल्याचा रिपोर्ट हातात पडला की घरात सगळ्यात आधी तीन गोष्टींवर बंदी येते: अंड्यातला पिवळा बलक, कोळंबी आणि कलेजी-भेजा. तिन्हींत कोलेस्टेरॉल भरपूर आहे, हे खरंच. पण पदार्थातलं कोलेस्टेरॉल आणि रक्तातलं एलडीएल यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही. रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीर स्वतः तयार करतं. शिवाय पित्तावाटे रोज साधारण एक ग्रॅम कोलेस्टेरॉल आतड्यात उतरतं, म्हणजे नेहमीच्या जेवणातून येतं त्याच्या कितीतरी पट. त्यातलं साधारण निम्मं पुन्हा शोषलं जातं आणि बाहेरून जास्त आलं की यकृत आपली निर्मिती थोडी आवरतं. रक्तातून एलडीएल ओढून घेणारे ग्राही यकृतावर असतात. त्यांची संख्या कमी करण्यात संपृक्त चरबीचा हात कोलेस्टेरॉलपेक्षा मोठा आहे. म्हणून एखाद्या पदार्थात कोलेस्टेरॉल किती, एवढंच विचारून भागत नाही. त्याच्यासोबत संपृक्त चरबी किती येते, हेही विचारावं लागतं.

या कसोटीवर कोळंबीवरचा आरोप टिकत नाही. 100 ग्रॅम कोळंबीत दीड-पावणेदोनशे मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, पण संपृक्त चरबी अर्ध्या ग्रॅमच्याही आत. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात झालेला एक प्रयोग 1996 साली प्रसिद्ध झाला. त्यात काही लोकांना तीन आठवडे रोज 300 ग्रॅम कोळंबी दिली आणि तेवढ्याच काळ रोज दोन मोठी अंडी. दोन्ही आहारांत कोलेस्टेरॉल जवळजवळ सारखंच होतं, दिवसाला सहाशे मिलिग्रॅमच्या आतबाहेर. कमी कोलेस्टेरॉलच्या आहाराशी तुलना करता कोळंबीने एलडीएल सुमारे 7 टक्के वाढलं, अंड्यांनी 10 टक्के. रोज 300 ग्रॅम कोळंबी सहसा कुणी खात नाही, त्यामुळे आठवड्यातून एकदाच्या कालवणाचा परिणाम यापेक्षा पुष्कळच कमी. मात्र प्रयोगातल्या माणसांचं कोलेस्टेरॉल मुळात ठीक होतं, ही त्याची मर्यादा. आपल्याकडे खरी गोम कालवणाच्या वाटपात असते. 50 ग्रॅम ओल्या खोबऱ्यात जवळपास 15 ग्रॅम संपृक्त चरबी असते. एलडीएल जास्त असलेल्या माणसाने दिवसभरात साधारण 13 ग्रॅमच्या वर जाऊ नये, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनचं गणित सांगतं. बदनामी कोळंबीची आणि कर्तृत्व वाटपाचं, असा हा प्रकार.

बलकाचं प्रकरण मधलं आहे. एका बलकात 185 मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल आणि दीडेक ग्रॅम संपृक्त चरबी. अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या तर आहारातल्या दर 100 मिलिग्रॅममागे एलडीएल सरासरी दोन ते चार अंकांनी वाढतं. म्हणजे एलडीएल 160 असलेल्या, एरवी बलक न खाणाऱ्या माणसाने रोज दोन बलक सुरू केले, तर ते 167 ते 175च्या दरम्यान जाईल. आठवड्यात तीनच खाल्ले तर ही वाढ दोन-तीन अंकांची, तपासणीतल्या नेहमीच्या चढउतारात हरवून जाणारी. पण ही सरासरी आहे. काही जणांचं आतडं इतरांपेक्षा कितीतरी जास्त कोलेस्टेरॉल शोषतं, त्यांच्यात उडी मोठी असते.

यावर हमखास दोन आक्षेप येतात. पहिला, अमेरिकेने 2015च्या आहार मार्गदर्शनातून 300 मिलिग्रॅमची मर्यादाच काढली, मग आता चिंता कसली? आकडा काढला हे खरं, पण कोलेस्टेरॉल शक्य तितकं कमीच खावं, हा सल्ला त्याच दस्तऐवजात कायम होता. आणि तो साऱ्या लोकसंख्येसाठी होता, आधीच एलडीएल जास्त असलेल्यांना सूट देणारा नव्हे. दुसरा, अंड्याने एचडीएलही वाढतं, मग फिटंफाट झाली. हा हिशेब आता जुना झाला. एचडीएल वाढवणारी औषधं देऊनही हृदयविकाराचे झटके अपेक्षेप्रमाणे कमी झाले नाहीत, त्यामुळे वाढलेल्या एचडीएलच्या भरवशावर वाढलेलं एलडीएल माफ करता येत नाही.

भेज्याला मात्र कुठलाच बचाव नाही. 100 ग्रॅम शिजवलेल्या भेज्यात दोन हजार मिलिग्रॅमच्या घरात कोलेस्टेरॉल असतं, म्हणजे दहा-अकरा बलकांइतकं. तेवढ्याच वजनाची कलेजी आणि गुर्दे त्याच्या बरेच खाली, पण एका बलकाच्या वरच. कलेजीत लोह आणि बी-12 मुबलक असतं, म्हणून महिन्यातून एखाद वेळी थोडी खायला हरकत नाही. भेजा सोडलेलाच बरा.

आपलं आतडं कोणत्या जातीचं, हे कळायचा साधा मार्ग आहे. तूप, लोणी, खोबरं आणि औषधं जशी आहेत तशीच ठेवून सहा आठवडे बलक बंद करावा आणि त्याच लॅबमध्ये एलडीएल पुन्हा तपासावं. आकडा वीस-तीसने उतरला तर बलक आपल्याला बाधतो. जेमतेम पाचने हलला तर आठवड्याच्या तीन अंड्यांसाठी भांडू नये, तुपाच्या डब्याकडे बघावं. आणि एलडीएल 190च्या वर असेल, घरात कुणाला तरुणपणीच झटका आलेला असेल, तर दोष बहुधा जनुकांत आहे. अशा वेळी बलक मोजत न बसता डॉक्टरांकडे जाऊन औषध सुरू करावं.