वरून घातलेलं गाणं, खोलीत वाजलेलं गाणं

काकांच्या पंच्याहत्तरीचा बावीस मिनिटांचा व्हिडिओ पुतण्याने यूट्यूबवर चढवला आणि संध्याकाळपर्यंत घरात घबराट झाली. कॉपीराइटची सूचना आली होती. ‘चॅनल बंद होणार’ इथपासून ‘कोर्टाची नोटीस येईल’ इथपर्यंत मजल गेली.

त्या सूचनेत लिहिलेलं कुणी वाचलंच नव्हतं. यूट्यूबवर ‘क्लेम’ आणि ‘स्ट्राइक’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्ट्राइक येतो तो हक्कदाराने कायद्यानुसार रीतसर मागणी करून व्हिडिओ काढायला लावला तर. नव्वद दिवसांत असे तीन झाले तर चॅनलवर गंडांतर. क्लेम बहुतेक वेळा यंत्र करतं. ‘कंटेंट आयडी’ ही यंत्रणा हक्कदारांनी दिलेल्या ध्वनिमुद्रणांशी आपला आवाज ताडून पाहते. गाणं जुळलं की पुढे काय करायचं ते हक्कदाराने आधीच ठरवलेलं असतं: व्हिडिओ अडवायचा, त्यावर जाहिराती लावून पैसे घ्यायचे, की नुसती नोंद ठेवायची. आमच्या व्हिडिओवर जाहिराती तेवढ्या लागणार होत्या. व्हिडिओ सगळीकडे दिसत होता. म्हणजे काहीही न करणं हा एक चांगला मार्ग होता, आणि तोच कुणाला सुचला नाही.

पुतण्याने स्टुडिओत जाऊन ‘Replace song’ दाबलं. या सोयीत एक मोठा गुण आहे: व्हिडिओचा दुवा, बघणाऱ्यांची संख्या, खालच्या प्रतिक्रिया सगळं जागच्या जागी राहतं. दुरुस्त फाइल नव्याने चढवली तर दुवा बदलतो आणि नातेवाइकांना पाठवलेले जुने दुवे फुकट जातात. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतून एक गाणं निवडायचं, क्लेम झालेल्या तुकड्यावर बसवायचं, जतन करायचं. जुन्या गाण्याचा तुकडा कुठे उघडा राहिला नाही ना, हे तेवढं पाहायचं. राहिला तर क्लेम हटत नाही. पुतण्याने सगळं नीट केलं. क्लेम गेला.

आणि त्याबरोबर आत्याही गेली. आमचा क्लेम ६:४० ते ९:२५ या तुकड्यावर होता. त्या पावणेतीन मिनिटांत स्पीकरवर काकांच्या आवडीचं जुनं सिनेमागीत वाजत होतं, आणि त्याच्यावरूनच आत्या काकांनी पहिल्या पगारातून आईला आणलेल्या लुगड्याची गोष्ट सांगत होती. गाणं बदललं म्हणजे त्या तुकड्यातला सगळाच आवाज बदलला. आता आत्याचे ओठ हलतात, मागे गिटार वाजते, आणि मंडळी भलत्याच ठेक्यावर टाळ्या देतात.

माझा मुद्दा इथेच आहे. गाणं व्हिडिओत दोन रीतींनी येतं. जुन्या फोटोंच्या मालिकेवर आपण गाणं वरून घालतो. ते बदललं तर मूड बदलेल, साक्ष बदलत नाही. तिथे ‘Replace song’ खुशाल वापरावं. दुसरं गाणं खोलीत वाजलेलं असतं. त्याच्यावर माणसं बोलली, नाचली, हसली. ते काढलं की त्या दिवसाचाच एक तुकडा खोटा होतो. यंत्राच्या लेखी हा फरक नाही. आपल्या लेखी तो असायला हवा, आणि दाबायचं बटण त्यावरून ठरवायला हवं.

खोलीतल्या गाण्यासाठी त्याच पानावर दुसरी वाट आहे. ‘Mute song’मध्ये त्या वेळचा सगळा आवाज बंद करता येतो, किंवा बोलणं ठेवून फक्त गाणं पुसायचा प्रयत्न करता येतो. प्रयत्नच म्हणायचा, गाणं मोठ्याने वाजत असेल तर ते निघत नाही, निघालं तरी शब्दांचे कंगोरे झिजतात.

‘गाणं इतकं जुनं, त्याच्यावर कसला हक्क?’ असा सवाल काकांनी केला. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं टिकतो, पण शब्द आणि चाल यांवरचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. मुद्रण मोकळं झालं तरी गीत अडकलेलं असू शकतं. आरतीचं उलट असतं: समर्थांचे शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत, पण घरात लावलेली तबकडी एखाद्या कंपनीची असू शकते. आरती स्वतः म्हटली आणि यंत्राने तरी तबकडीच ओळखली, तर हरकत जरूर घ्यावी. क्लेम करणाऱ्याला उत्तर द्यायला तीस दिवस असतात. तबकडीच वाजत असेल तर हरकतीच्या वाटेला जाऊ नये.

सुदैवाने मूळ फाइल डिस्कवर होती. तीच पुन्हा चढवली, क्लेम पुन्हा आला, आणि या वेळी फक्त गाणं पुसायला सांगितलं. बऱ्याच वेळाने आवाज परत आला. आत्या हौदात तोंड घालून बोलल्यासारखी ऐकू येते, ‘लुगडं’ शब्दाचा ‘ग’ गेला आहे, पण गोष्ट कळते. काका म्हणाले, ‘गाणं गेलं ते बरंच झालं. तेव्हा मला तिचं काही ऐकूच आलं नव्हतं.’