निजामियाच्या वर्गात काय शिकवत असत?

अभ्यासक्रमाचा वाद पेटला की कोणीतरी एक ठरलेला दाखला बाहेर काढतो. अकराव्या शतकात सेल्जुक सुलतानांचा वजीर निजाम-उल-मुल्क याने सरकारी पैशाने मदरसे बांधले, त्यांत अशअरी धर्मशास्त्र शिकवले आणि बघता बघता तेच सुन्नी इस्लामचे प्रमाण मत झाले, असा तो दाखला. गोल्डझिहरसारख्या थोर अभ्यासकाने जवळपास असेच मांडल्यामुळे त्याला वजनही आले आहे. मला तो पटत नाही.

अशअरी पंथाची पूर्वकथा वाचकांना ठाऊक असेल. मुतझिलींच्या तर्कप्रधान परंपरेत वाढलेल्या अबुल हसन अल-अशअरीने दहाव्या शतकात त्यांची साथ सोडली आणि त्यांचीच तर्काची हत्यारे परंपरेच्या रक्षणासाठी वापरली. त्यामुळे तर्कवाले त्याच्यावर नाराज आणि तर्कच नको म्हणणारे हनबलीही नाराज. अकराव्या शतकाच्या मध्याला तर आधीचा वजीर कुंदुरी याने निशापूरच्या मशिदींतून अशअरींना शाप द्यायला लावले. जुवैनीसारख्या पंडिताला हिजाझला पळून जावे लागले. निजाम-उल-मुल्कने सत्तेवर येताच हा छळ थांबवला, जुवैनीला परत आणले आणि त्याच्यासाठी निशापुरात मदरसा काढला. इथे मत आणि आश्रय एकाच माणसात आले, हे मी मान्य करतो. पण दाखला देणारे निशापूरवर थांबत नाहीत, ते बगदादला येतात.

बगदादची निजामिया 1067 मध्ये उघडली. तिच्या वक्फपत्रातील अटी इब्न अल-जौझीने नोंदवल्या आहेत. अध्यापक, प्रवचनकार आणि ग्रंथपाल हे मुळात आणि शाखेत, दोन्हींत शाफिई असावेत. शिवाय कुराण शिकवणारा एक आणि अरबी व्याकरण शिकवणारा एक असावा. प्रत्येकाला वक्फच्या उत्पन्नातून ठरलेला हिस्सा मिळावा. अशअरी हा शब्द या अटींत नाही. विरोधी पक्ष ‘मूळ’ म्हणजे धर्मतत्त्वे, म्हणजेच अशअरी मत, असा अर्थ लावतो. मग पहिला मुख्य अध्यापक कोण झाला, ते बघा. अबू इसहाक शिराझीने न्यायशास्त्राच्या मूलतत्त्वांवर लिहिताना आज्ञार्थाला भाषेत स्वतःचे रूप असते की नसते, अशा प्रश्नांवर अशअरींचेच खंडन केले आहे. ‘मूळ’ म्हणजे अशअरी मत असते, तर हा माणूस त्या आसनावर बसलाच नसता. शाफिई म्हणजे कायद्याची परंपरा. मकदिसी या अभ्यासकाने हे दाखवून कित्येक दशके झाली, तरी दाखला तसाच चालू आहे.

‘सरकारी पैसा’ हेही सैल बोलणे आहे. वक्फ म्हणजे दात्याने स्वतःच्या मालमत्तेतून केलेला खासगी धर्मादाय. नेमणुकीचा अधिकार निजाम-उल-मुल्कने स्वतःकडे आणि आपल्या वंशाकडे ठेवला होता. पैसा कुठला, याबद्दल लोकांना शंका होतीच. उद्घाटनाच्या दिवशी मंडळी जमली आणि शिराझी आलाच नाही. बळकावलेल्या जागेत कसे शिकवणार, असे वाटेत एका तरुणाने त्याला विचारले होते. वीस दिवस इब्न अस-सब्बागने शिकवले, मग शिराझी आला. (सरकारी प्राध्यापकाची इतकी टोचणी आज कुठे दिसेल?)

अशअरी मत निजामियात आले ते प्रवचनाच्या व्यासपीठावरून. 1077 च्या सुमारास कुशैरीचा मुलगा अबू नस्र तिथे प्रवचनाला बसला आणि हनबली लोक देवाला देहधारी मानतात, असा आरोप करू लागला. दंगल उसळली, माणसे मेली. शिराझी अबू नस्रच्या बाजूने उभा राहिला, कारण तो त्याच्याच शाफिई गोटातला होता. आणि वजिराने काय केले? आपण मदरसा विद्येच्या रक्षणासाठी बांधला, फूट पाडण्यासाठी नव्हे, अशा अर्थाचे पत्र त्याच्या नावावर आहे. अबू नस्रला खुरासानात परत बोलावून घेण्यात आले.

फातिमींच्या प्रचाराला उत्तर म्हणून हे सारे उभारले, असेही म्हणतात. पण बगदादच्या रस्त्यांवर भांडण सुन्नी-सुन्नींचेच होते.

मत शिकवणे वेगळे आणि मतवाल्यांना पोसणे वेगळे, हा माझा मुद्दा आहे. निजामियाने दुसरे केले. अशअरी विद्वान बहुतेक शाफिई होते. त्यांना कायदा शिकवण्याची पोटापाण्याची सोय झाली आणि धर्मशास्त्र त्यांनी उरलेल्या वेळात लिहिले. पोसण्याचा परिणाम कमी असतो, असे मी म्हणत नाही. कदाचित तोच जास्त असतो. पण तो वर्गातून होत नाही, आणि कोणाला पोसायचे हे ठरवणाऱ्यालाही त्यातून काय निघेल ते ठाऊक नसते. 1091 मध्ये गझाली बगदादच्या त्याच आसनावर आला. आपल्या आत्मकथनात तो सांगतो की, सुमारे तीनशे विद्यार्थ्यांना धर्मविद्या शिकवून झाल्यावर मिळणाऱ्या चोरट्या वेळात त्याने तत्त्वज्ञांचे ग्रंथ वाचले, तेही गुरूशिवाय. तत्त्वज्ञांचे खंडन करणारा त्याचा ग्रंथ त्याच वेळातून निघाला.