शहात्तर, पण कोणाच्या तुलनेत?

समजा, खारघरमधल्या एका इमारतीत राहणारा साडेदहा वर्षांचा मुलगा आहे. शाळेने आईवडिलांना सांगितलं की तो मागे पडतोय, तपासून घ्या. तपासणीत कामत-बिने बुद्धिमापन श्रेणी वापरली गेली. सात वर्षांच्या पातळीवरचे सगळे प्रश्न त्याला आले. आठच्या पातळीवरचे चार आणि नऊच्या पातळीवरचे दोन आले, दहाच्या पातळीवरचा एकही नाही. प्रत्येक प्रश्नाला दोन महिने धरले तर ८४ अधिक ८ अधिक ४, म्हणजे ९६ महिने हे त्याचं मानसिक वय झालं. खरं वय १२६ महिने. भागाकाराला शंभराने गुणलं की बुद्ध्यंक येतो ७६. अहवालात ‘सीमारेषेवर’ असा शब्द पडतो आणि घरचे थोडे सैलावतात.

मला विचारायचं आहे ते एवढंच: हे ७६ कोणाच्या तुलनेत?

बुद्ध्यंक वजनासारखा नसतो. वजनाचा काटा माणसाला किलोशी ताडून पाहतो, चाचणी एका मुलाला दुसऱ्या मुलांशी ताडून पाहते. ज्या मुलांवर ती आधी घेऊन पाहिली, त्यांच्यातल्या त्या-त्या वयाच्या मुलांना काय येत होतं, तेच प्रमाणक. कामत-बिनेच्या मागे असलेली मुलं १९३० च्या दशकातल्या मुंबई इलाख्यातली होती, मराठी आणि कानडी बोलणारी. व्ही. व्ही. कामत यांनी हे काम १९३४ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ एज्युकेशनल सायकॉलॉजीत मांडलं. काम मोलाचं होतं. टर्मनने १९१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मुलांवर बसवलेली श्रेणी नुसती भाषांतर करून इथल्या मुलांना लावणं त्यांना पटलं नाही, म्हणून त्यांनी प्रश्न बदलले, क्रम बदलला आणि इथल्या मुलांवर ती पुन्हा बसवली. त्यांनी टर्मनच्या श्रेणीला जो प्रश्न विचारला, तोच आज कामतांच्या श्रेणीला विचारायला हवा. तो विचारणं हा त्यांचा अनादर नाही, त्यांचीच रीत पुढे नेणं आहे.

प्रमाणक जुनं झालं की चूक कोणत्या दिशेने होते, हे जेम्स फ्लिन यांनी १९८४ आणि १९८७ मध्ये दाखवलं. अमेरिकेत आणि इतर अनेक देशांत पिढ्यान् पिढ्या चाचण्यांतले गुण चढत गेले होते. अमेरिकेत हा वेग दशकाला साधारण तीन गुणांचा होता. शाळा, आहार, लहान कुटुंब, चित्रांनी आणि कोड्यांनी भरलेलं बालपण, अशी कारणं दिली जातात. मुद्दा असा की जुन्या मुलांशी ताडलं तर आजचा सरासरी मुलगाही शंभराच्या वर जातो. मग मागे पडणारा मुलगाही वर सरकतो आणि त्याचा मागेपणा अहवालात दिसेनासा होतो. वेश्लरच्या मुलांसाठीच्या चाचणीची नवी आवृत्ती अमेरिकेत १९९१ मध्ये आली. सीमारेषेजवळच्या ज्या मुलांची जुन्या आवृत्तीनंतर नव्या आवृत्तीवर फेरतपासणी झाली, त्यांचे गुण सरासरी पाच-सहाने घसरले. मुलं तीच होती, फक्त ज्यांच्याशी तुलना होत होती ती बदलली.

म्हणजे आपल्या मुलाच्या ७६ मधून नऊ दशकांचे सत्तावीस गुण वजा करायचे का? मुळीच नाही. अमेरिकेतला तो वेग इथे जसाच्या तसा लागू पडतो असं धरणं, म्हणजे परक्या प्रमाणकाची चूक मागच्या दाराने आत आणणं. शिवाय मानसिक वय भागिले खरं वय या पद्धतीत गुणांचा पसारा प्रत्येक वयाला सारखा नसतो, म्हणून सहा वर्षांच्या मुलाचे ७६ आणि बारा वर्षांच्याचे ७६ सारखे नव्हेत. इतकंच ठाम म्हणता येतं की हा आकडा खऱ्यापेक्षा वर असण्याची शक्यता मोठी आहे. त्याच्या जिवावर ‘अक्षमता नाही’ असं लिहिता येत नाही.

आता गोष्टीची दुसरी बाजू. दिव्यांग प्रमाणपत्रावरची टक्केवारी ठरवताना व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी येते. केंद्र सरकारच्या ४ जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतल्या कोष्टकात ५५ ते ६९ गुणांना ५० टक्के आणि ७० ते ८४ ला २५ टक्के दिव्यांगत्व धरलं होतं. बहुतेक सवलतींचा उंबरठा ४० टक्क्यांचा आहे. म्हणजे त्या कोष्टकात ६९ आणि ७० यांच्यामध्ये आरक्षणाची जागा किंवा योजनेचा लाभ उभा होता.

ही श्रेणी मुळात एडगर डॉल यांनी १९३५ मध्ये न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडच्या संस्थेत तयार केली. सांताक्लॉज खराखुरा नसतो हे मुलाला कळलं का, असाही एक मुद्दा तिच्यात होता. नागपूरच्या ए. जे. मालिन यांनी १९६० च्या दशकात ती भारतासाठी बदलून घेतली. पण मूळचा सांगाडा टिकला: पाच-सहा वर्षांचा मुलगा एकटा शाळेत जातो का, नऊ-दहाचा गावात मोकळा फिरतो का, दहा-अकराचा फोन करतो का.

नवी मुंबईत हे विचारून पाहा. इथे पहिलीतल्या मुलाला बसपर्यंत सोडायला घरातलं कोणीतरी जातं. पाम बीच रोडसारखा रस्ता ओलांडायला दहा वर्षांच्या मुलाला कोणी एकटं पाठवत नाही. त्याच शहरातल्या बांधकामावर राहणाऱ्या मजुराचा मुलगा मात्र सातव्या वर्षी धाकट्या भावाला कडेवर घेऊन दुकानातून सामान आणतो. फोनची गंमत आणखी वेगळी. साठच्या दशकातल्या नागपुरात किती घरांत फोन होता? आणि आज तीन वर्षांचं पोर आजीला व्हिडिओ कॉल लावतं. तेव्हा संधीच नव्हती म्हणून, आणि आता कौशल्यच लागत नाही म्हणून, दोन्ही वेळा हा प्रश्न परिपक्वता मोजत नाही.

डॉल यांना याची जाणीव होती. संधी मिळाली नाही म्हणून न केलेल्या गोष्टीसाठी त्यांनी वेगळी खूण ठेवली आणि योग्य परिस्थितीत तिला गुणही दिले. घाईच्या मुलाखतीत ती खूण गळते. आपल्या मुलाचं उदाहरण पुढे नेऊ. आई म्हणाली, ‘एकटा कुठे सोडत नाही हो.’ दोन मुद्द्यांवर ‘नाही’ पडलं. सामाजिक वय आलं ८७ महिने, गुण ६९, त्या कोष्टकाने दिव्यांगत्व ५० टक्के. या वयोगटात वर्षाला मोजकेच मुद्दे असल्यामुळे एकेका मुद्द्याला तीन-चार महिने मिळतात. ते दोन मुद्दे ‘संधी नाही’ म्हणून धरले असते तर ९४ महिने आणि जवळपास ७५ गुण झाले असते, म्हणजे २५ टक्के. मुलाच्या वागण्यात काहीही न बदलता प्रमाणपत्र उंबरठ्याच्या आत किंवा बाहेर गेलं.

जुनं प्रमाणक गुण वर ढकलतं, परक्या जगण्यावर बेतलेलं प्रमाणक खाली ओढतं. मग दोन्ही चुका एकमेकींना खोडतील आणि सरासरी बरोबर येईल, असं मी सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकलं आहे. मला ते मुळीच मान्य नाही. या चुका वेगवेगळ्या मुलांवर वेगवेगळ्या मापाने पडतात. सोसायटीत जपून वाढवलेल्या मुलावर दुसरी चूक जास्त पडते, तर बांधकामावरचा मुलगा त्या प्रश्नांत सहज पुढे जातो, मग त्याची शिकण्यातली खरी अडचण कोणाला दिसतच नाही. त्यात तो घरी भोजपुरी किंवा तेलुगू बोलत असेल आणि चाचणी मराठीत झाली असेल, तर बुद्ध्यंकात भाषा किती आणि बुद्धी किती हे वेगळं काढता येत नाही.

भारतीय मुलांवर प्रमाणित झालेल्या तुलनेने नव्या चाचण्या उपलब्ध आहेत, वेश्लरच्या चौथ्या आवृत्तीची भारतीय प्रमाणकंही आहेत. त्या महाग आहेत आणि त्यांना वेळ लागतो, हे मला ठाऊक आहे. जिथे जुनी श्रेणी टाळता येत नाही, तिथे अहवालात चाचणीचं नाव, आवृत्ती, प्रमाणक कोणत्या वर्षाचं आणि कोणत्या मुलांवरचं, चाचणी कोणत्या भाषेत झाली, हे लिहायला चार ओळी लागतात. ‘संधी नाही’ म्हणून धरलेले मुद्दे नावानिशी लिहावेत. ७६ असा सुटा आकडा न देता, तो मागेपुढे कितपत सरकू शकतो तो पट्टा द्यावा. पालकांनाही अहवाल हातात आल्यावर हे विचारायचा हक्क आहे. त्या मुलाच्या आईने विचारलं, की ज्या मुलांशी माझ्या मुलाची तुलना झाली ती कधीची होती, तर तपासणाऱ्याला ‘एकोणीसशे चौतीसची’ असं तोंडाने म्हणावं लागेल.