तिसरी बशी कुठे आहे?

बसा. सगळे बसा. त्या मागच्या बाकावरच्यांनी हसणं आधी खिशात घाला, कारण आज हसण्यासारखं काही नाही. विज्ञान प्रदर्शनाचा हा तक्ता कोणी रंगवला? अक्षर सुरेख आहे. लाल रंगात कवटी आहे, कवटीच्या तोंडात सिगारेट आहे, आणि खाली ठळक ओळ: ‘सिगारेटचं विष बियांचा जीव घेतं. आम्ही सिद्ध केलं.’ सिद्ध! शब्द तरी तोलून वापरा रे. तुम्ही काय केलंत ते मी सांगतो, चुकलो तर उभं राहून थांबवा.

उत्तनच्या किनाऱ्यावर, होड्या लागतात तिथल्या वाळूतून तुम्ही सिगारेटची वीस थोटकं वेचलीत. दोनशे मिलिलिटर नळाच्या पाण्यात रात्रभर भिजवलीत. सकाळी ते चहासारखं पाणी गाळून एका बशीत ओतलंत, दुसऱ्या बशीत साधं पाणी. दोन्हींत दहा-दहा मूग. तीन दिवसांनी साध्या पाण्यातल्या नऊ मुगांना मोड आले, थोटकांच्या पाण्यातल्या तीनच. झाला प्रयोग, काढा कवटी.

आता मला एक सांगा. ही थोटकं वाळूत किती दिवस पडली होती? माहीत नाही. किती वेळा भरतीचं पाणी त्यांच्यावरून गेलं? माहीत नाही. अरे, तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी मासळी खारवतात. मीठ लावलं की मासळीतलं पाणी बाहेर येतं हे तुमच्या आजीला कुठल्याही पुस्तकाशिवाय कळतं. इथून पलीकडे भाईंदरला मिठागरं आहेत. खारं पाणी शेतात शिरलं की भाताचं काय होतं हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. आणि मिठाच्या गावातली ही मुलं प्रयोग करताना नेमकं मीठच विसरतात!

गणित करा, फळा रिकामा आहे. फिल्टर म्हणजे सेल्युलोज ॲसिटेटच्या हजारो बारीक तंतूंचा दाबलेला बोळा, आणि त्यात बहुतेक जागा पोकळच. लांबी पावणेतीन सेंटिमीटर, व्यास पाऊण सेंटिमीटरच्या जरा वर. म्हणजे समुद्राचं पाणी शोषलं तर साधारण एक मिलिलिटर आत बसणार. समुद्राच्या एका लिटरमध्ये जवळजवळ पस्तीस ग्रॅम क्षार असतात, तेव्हा एका मिलिलिटरमध्ये पस्तीस मिलिग्रॅम. थोटूक उन्हात वाळलं की पाणी उडून जातं, मीठ आत राहतं. पुन्हा भरती, पुन्हा मीठ. एकदाच भिजून वाळलंय असं धरलं तरी वीस थोटकांत सातशे मिलिग्रॅम. ते दोनशे मिलिलिटर पाण्यात उतरलं तर लिटरला साडेतीन ग्रॅम झाले. समुद्राच्या एक दशांश खारटपणा! मुगाला पाणी शोषायचं असतं, तेव्हाच तो फुगतो आणि मोड काढतो. खाऱ्या पाण्यातून पाणी ओढणं त्याला जड जातं. तो मरेलच असं नाही, पण रखडेल. आणि तुम्ही तीन दिवसांनी मोजून मोकळे झालात.

काल मी बाटलीच्या तळाशी उरलेल्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवला. तोच, घरच्या फिल्टरवाल्याकडे असतो तो. आकडा तीन हजारांच्या वर गेला. नळाचं पाणी दीडशेच्या आत होतं. हे सगळं मीठच असं मी म्हणणार नाही. राखेतून आणि उरलेल्या तंबाखूतूनही क्षार पाण्यात उतरतात. पण मीठ किती आणि सिगारेटचं किती, हे तुमच्या प्रयोगातून कळायला मार्गच नाही. एका बशीत सिगारेट आणि समुद्र दोन्ही, दुसऱ्या बशीत दोन्ही नाहीत. मग दोघांपैकी गुन्हेगार कोण ते कसं ठरवलंत? ज्याचं नाव आधीच तक्त्यावर रंगवलं होतं तो?

तुलनेची बशी, जिला पुस्तकात नियंत्रण गट म्हणतात, ती म्हणजे नुसतं साधं पाणी नव्हे. ज्या एका गोष्टीवर तुमचा आरोप आहे ती वगळून बाकी सगळं तसंच ठेवायचं असतं. म्हणून एक बशी मिठाच्या पाण्याची हवी: घरचं मीठ नळाच्या पाण्यात घालत जा, मीटरचा आकडा थोटकांच्या पाण्याइतका आला की थांबा. आणि एक बशी न ओढलेल्या, कोऱ्या फिल्टरच्या पाण्याची हवी. तुम्हाला वाटेल, कोऱ्या फिल्टरने काय होणार? इंग्लंडच्या अँग्लिया रस्किन विद्यापीठात डॅनिएल ग्रीन आणि सहकाऱ्यांनी हेच केलं, २०१९ साली छापलं. कुंड्यांत गवत आणि क्लोव्हर पेरून मातीत थोटकं टाकली. क्लोव्हरचं उगवणं २७ टक्क्यांनी घटलं, गवताचं १० टक्क्यांनी. आणि न ओढलेल्या फिल्टरनेही जवळपास तसाच परिणाम केला. ती तुलना ठेवली नसती तर तेही सगळं खापर धुराच्या विषावर फोडून मोकळे झाले असते, तुमच्यासारखे.

आता दहा मूग. एकाच बशीतले दहा मूग म्हणजे दहा पुरावे नव्हेत. बशी खिडकीपाशी होती ना? वाऱ्याने तिच्यातलं पाणी आटलं तर दहाच्या दहा मूग एकदम अडकतात, आणि उरलेलं पाणी आणखी कडक होतं. म्हणून प्रत्येक गटाच्या चार बशा, बशीत वीस मूग, सगळ्यांत एकाच जातीचा कागद, मोजून पाच मिलिलिटर पाणी, वर झाकण, आणि रोज बशांच्या जागांची अदलाबदल. थोटकांचं पाणी तीन ताकदींचं करा: लिटरला एक, पाच आणि पंचवीस थोटकं. तुमचं पाणी लिटरला शंभराच्या हिशोबाचं होतं. एवढी गर्दी पावसाच्या कुठल्या डबक्यात पाहिलीत? साधं पाणी, मीठ आणि कोरा फिल्टर धरून सहा गट, चोवीस बशा, चारशेऐंशी मूग. पाव वाटीसुद्धा लागत नाहीत.

मोड कशाला म्हणायचं हेही आधी ठरवा: मुळाचं टोक दोन मिलिमीटर बाहेर आलं तर मोड, नाहीतर नाही. बशीवर फक्त आकडा टाका, आणि कुठल्या आकड्यात काय आहे हे मोजणाऱ्याला सांगू नका. नाहीतर ‘हा मूग जरा फुगलाय, पण विषातला आहे, तेव्हा नाहीच धरू’ असं होतं. झालंय तुमचं. वही मी पाहिली आहे. तिसऱ्या दिवशी पाचाचा आकडा खोडून तीन केलाय, आणि खोडरबराची भुकटी अजून पानात आहे.

आणि सर्वात सोपी गोष्ट: पाचव्या दिवशी जे मूग उगवले नाहीत ते धुऊन साध्या पाण्यात ठेवायचे. दोन दिवसांत मोड आले तर मूग मेले नव्हते, नुसते अडले होते. ‘जीव घेतं’ लिहिण्याआधी मेलेल्याची नाडी तरी बघायची!

आता दुसरं, आणि यात एकालाही सूट नाही. थोटकं हाताने वेचलीत. त्यावर कोणाकोणाची थुंकी होती, आणि थोटकांतलं निकोटीन पाण्यात उतरतं, ओल्या कातडीतून अंगात जातं. तंबाखूच्या शेतात ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना त्यानेच मळमळ आणि चक्कर येते. ते पाणी तुम्ही ठेवलंत कशात? सरबताच्या बाटलीत! रंग चहाचा, ठिकाण डब्यांचं कपाट. पाचवीतल्या एखाद्या पोराने तोंड लावलं असतं तर? आणि उरलेलं मोरीत ओतलंत. मोरी गटारात जाते, गटार समुद्रात. २०११ साली सॅन दिएगोच्या संशोधकांनी दाखवलं की लिटरला साधारण एका थोटकाच्या पाण्यात निम्मे मासे चार दिवसांत मरतात. कोळ्याची लेकरं तुम्ही!

यापुढे थोटकं चिमट्याने आणि मी वेचीन. गाळणं आणि ओतणं मी करीन. तुम्ही हातमोजे घालून मूग मोजाल. बाटलीवर नाव, तारीख आणि ‘विषारी’ अशी चिठ्ठी, कपाटाला कुलूप. उरलेलं पाणी भुशात जिरवून, पिशवीत बांधून, नाव लिहून घातक कचऱ्यात जाईल. त्या बशीतले मूग कोंबड्यांनासुद्धा नाहीत. आणि जो म्हणाला, ‘सर, काकांना सांगून पाकीट आणतो,’ तो उभा राहा. अठराच्या आतल्याला सिगारेट विकणं गुन्हा आहे, आणि प्रयोगासाठी काकांना सिगारेट ओढायला लावणं म्हणजे बियांसाठी काकांवर प्रयोग करणं. कोरे सुटे फिल्टर मीच आणीन. बस खाली. यात माझीही चूक आहे. ‘बियांचा प्रयोग’ एवढं वाचून मी सही केली, पुढचं वाचलंच नाही.

पण माझा खरा राग अजून सांगितलेला नाही. वहीच्या मधलं एक पान फाडलेलं आहे. खालच्या पानावर उमटलेलं वाचता येतं: ‘बशी क्र. ३, बस थांब्याजवळच्या चहाच्या टपरीची थोटकं, ८.’ म्हणजे तिसरी बशी होती. रस्त्यावरची, समुद्र न पाहिलेली थोटकं, आणि दहापैकी आठ मुगांना मोड. तक्त्यावर ती का नाही? ‘सर, तिने निकाल बिघडवला.’ अरे मूर्खांनो, तिनेच एकटीने निकाल दिला होता! गुन्हेगार बहुधा मीठ आहे, हे ती तुम्हाला ओरडून सांगत होती, आणि तुम्ही तिला कचऱ्यात टाकलंत. तिचं पाणीही ओतलंत, म्हणून आता मीटर लावून ताळा घेता येत नाही.

आणि लगेच उलटं टोक गाठू नका. एका बशीत आठ मूग उगवले म्हणून थोटकं निरुपद्रवी ठरत नाहीत. टपरीची थोटकं पावसात आधीच धुतली गेली असतील. शिवाय मोड येऊनही मूळ आखूड राहू शकतं, आणि मुळांची लांबी तुम्ही मोजलीच नाही.

हा खडू घ्या. कवटीखालची ओळ खोडा आणि लिहा: ‘किनाऱ्यावरच्या थोटकांच्या कडक पाण्यात तीन दिवसांत दहापैकी पाच मुगांना मोड आले, साध्या पाण्यात नऊ, टपरीच्या थोटकांत आठ. प्रत्येकी एकच बशी. फरक सिगारेटमुळे की मिठामुळे, हे या प्रयोगातून कळत नाही.’ पाच लिहायचं, तीन नाही.

लिहिलंत? आता फाडलेलं पान वहीला परत चिकटवा, आणि सोमवारी चारशेऐंशी मूग मोजून आणा.